बदली सरांना द्यायची एक पानाची चिठ्ठी: दहावी, वर्गसमीकरणे, सरावसंच २.३ च्या मधेच वर्ग थांबलाय

फळाखडू

मंडळी, इथे शिक्षक बरेच आहेत म्हणून विचारते. लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर जातेय, सोमवारपासून माझे दहावीचे गणिताचे तास तासिका तत्त्वावरचे एक नवीन सर घेणार आहेत. बीएस्सी बीएड, मुलगा हुशार वाटतो पण दहावी पहिल्यांदाच घेतोय. मी प्रकरण २ चं पाठनियोजन शाळेच्या ड्राइव्हवर टाकलंय, नऊ पानी पीडीएफ आहे, त्यात तासिकावार सगळं लिहिलेलं आहे. त्यांनी ती उघडून बघितली आणि काल फोन करून म्हणाले, "मॅडम, वाचली सगळी, पण मी सोमवारी वर्गात जाऊन पहिलं वाक्य काय बोलू ते एका पानात लिहून द्याल का."

मी हे लिहिलंय:

"१०वी अ आणि ब. गणित भाग १, प्रकरण २ वर्गसमीकरणे. सरावसंच २.१ व २.२ पूर्ण. २.३ सुरू आहे, पूर्ण वर्ग पद्धत शिकवून झाली आहे. उरलेली उदाहरणे घ्यावीत, मग २.४ सूत्र पद्धत. बाकी तपशील पीडीएफमध्ये."

एवढं पुरेल ना? की अजून काही घालू?

---

टाचणवही

अहो मॅडम, यात हेतू, अध्ययन निष्पत्ती, साहित्य हे रकाने कुठे आहेत? आमच्याकडे विस्तार अधिकारी आले तेव्हा पहिली टाचण वही मागितली आणि बदली शिक्षकाच्या तासाचंही टाचण हवं म्हणाले, त्यावरून मुख्याध्यापकांना बोलणी बसली. रकाने आखून सही शिक्का घेऊन ठेवा, नंतर कटकट नको.

---

फळाखडू

टाचणवही, ते रकाने पीडीएफमध्ये आहेत सगळे, सहीसकट. ही चिठ्ठी तपासणीसाठी नाहीये हो, त्या सरांनी सोमवारी सकाळी चहा पिता पिता वाचायची आहे.

---

निवृत्त गणितवाला

"२.३ सुरू आहे" यावरून मला काही म्हणजे काहीच कळलं नाही, आणि मी हे प्रकरण अनेक वर्षं शिकवलंय. त्या नवीन मुलाला काय कळणार.

२.३ मधे सहाच उदाहरणं आहेत पण ती एका रांगेत सरळ चालत नाहीत. पहिलं x² + x − 20 = 0. यात x चा सहगुणक १, त्याचा निम्मा 1/2, वर्ग 1/4, म्हणजे पहिल्याच गणितात अपूर्णांक आला, पण शेवटी (x + 1/2)² = 81/4 येतं आणि उत्तरं ४ आणि −५ अशी गोड निघतात, पोरं खूश. दुसरं x² + 2x − 5 = 0, इथे निम्मा करणं सोपं पण उजवीकडे 6 येतो आणि मुळं −1 + √6 आणि −1 − √6, म्हणजे पोरांना पहिल्यांदा असं उत्तर दिसतं जे "पूर्ण" निघत नाही आणि ती विचारतात सर चुकलं का. तिसरं m² − 5m = −3, यात सम संख्या नाही, शिवाय स्थिरपद आधीच उजवीकडे पळालंय. आणि चौथं 9y² − 12y + 2 = 0, इथे खरा कडा आहे कारण पहिल्या पदाचा सहगुणक १ नाही. पाचवं सहावं त्याच जातीचं.

तर "सुरू आहे" म्हणजे कड्याच्या अलीकडे की पलीकडे? आणि दुसरा प्रश्न, शेवटचं गणित तुम्ही फळ्यावर सोडवलंत की पोरांनी वहीत सोडवलं? या दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक आहे. नियोजनात दोन्हीला "झाले" असंच लिहितात.

---

शॉर्टकट शिंदे

एक सांगू का, २.३ वर इतका काथ्याकूट कशाला. सूत्र सगळ्या वर्गसमीकरणांना चालतं, अवयव पडोत न पडोत. बदली सरांना सांगा डायरेक्ट २.४ घ्या, a b c ओळखा, सूत्रात टाका, उत्तर. पोरांचा वेळ वाचतो. मी माझ्या क्लासमधे पूर्ण वर्ग शेवटी दहा मिनिटं दाखवतो फक्त.

---

निवृत्त गणितवाला

शिंदे, सूत्र सगळ्यांना चालतं हे अगदी बरोबर. पण ते सूत्र येतं कुठून? ax² + bx + c = 0 ला a ने भागा, b/a चा निम्मा करून वर्ग मिळवा, की सूत्र समोर. म्हणजे २.४ चं पहिलं पान हे २.३ चंच गणित आहे, फक्त आकड्यांऐवजी अक्षरं. ज्याला 9y² वालं जमलं त्याला ती सिद्धता दिसते, नाहीतर ते पान म्हणजे मंत्र. आणि परीक्षेत "पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा" असं प्रश्नातच लिहिलेलं असलं की सूत्राने बरोबर आलेल्या उत्तराचं तपासणारा काय करणार, त्याला पायऱ्यांचे गुण द्यायचे असतात आणि पायऱ्याच नसतात.

---

शॉर्टकट शिंदे

पायऱ्यांचं मान्य. पण जे पोरगं काठावर पास होणार आहे त्याच्यासाठी मी अजूनही म्हणेन की सूत्र आधी. चालू द्या तुमचं.

---

फळाखडू

काका, तुमच्या प्रश्नांची उत्तरं शोधायला वही काढून बसले. लिहिते.

अ मधे गेल्या शुक्रवारी तिसरं गणित घेतलं, m² − 5m = −3. फळ्यावर मीच. (m − 5/2)² = 13/4 इथपर्यंत आले आणि घंटा झाली. शेवटच्या दोन ओळी घरी करून आणा म्हटलं. त्या वह्या बघितलेल्या नाहीत, शनिवारी माझं प्रशिक्षण होतं. ब मधे दोनच गणितं झालीत, कारण त्यांचा गुरुवारचा तास वृक्षारोपणात गेला. पहिली दोन दोन्ही वर्गांत मी फळ्यावर करून मग तसंच एक एक वहीत दिलं होतं, ते तपासलंय. बऱ्याच जणांनी x + 1 = √6 एवढंच लिहून थांबवलंय, उणे √6 गायब. म्हणजे एकच मूळ.

आणि अजून एक, अ सेमी आहे, ब मराठी माध्यम. सरावसंचाचे नंबर दोन्ही पुस्तकांत सारखेच म्हणून बरं.

---

तासिका तत्त्वावरचा

मी त्या सरांच्या जागी असतो नेहमी, म्हणून माझी बाजू. मला एकदा एका शाळेत असंच नियोजन मिळालं होतं, सुंदर टाइप केलेलं, प्रत्येक तासिकेपुढे तारीख. त्या तारखेनुसार वर्ग २.४ वर असायला हवा होता म्हणून मी विवेचक काढायला घेतला, b² − 4ac, पोरं शांतपणे उतरवून घेत होती. तिसऱ्या दिवशी एका मुलीने विचारलं सर हे b म्हणजे कोणता. तेव्हा कळलं की तारखा जूनच्या सुरवातीला टाकलेल्या होत्या आणि मधल्या काळात पाऊस सुट्टी बैठक सगळं होऊन वर्ग चांगला आठवडाभर मागे होता. नियोजनात "होणार" लिहिलेलं असतं, झालेलं नाही.

दुसरं म्हणजे नवीन माणसाने "हे झालंय का रे" विचारू नये. सगळा वर्ग एका सुरात "होऽऽ सर" म्हणतो, किंवा मूड असेल तर "नाऽऽही". दोन्हीला किंमत शून्य. त्याऐवजी चिठ्ठीतच एक गणित लिहून द्या जे सरांनी गेल्या गेल्या फळ्यावर टाकायचं आणि पाच मिनिटं गप फिरायचं. पुस्तकातलं नको कारण ते गाइडमधे असतं. मी x² − 6x + 4 = 0 देतो. यात तीन जागा बघायच्या. 9 मिळवला तर तो वजाही केला का (किंवा दोन्हीकडे मिळवला का). कंसात x − 3 आलं की x + 3. आणि (x − 3)² = 5 नंतर अधिक उणे दोन्ही आलं का. वहीच्या वरून नजर फिरवली तरी कळतं वर्ग कुठे उभा आहे. कुणी 6 चा वर्ग 36 मिळवत असेल तर मात्र समजायचं निम्मा करायची पायरीच बसलेली नाही, तिथे तिसऱ्या गणिताकडे जाण्यात अर्थ नाही.

---

निवृत्त गणितवाला

हे फार छान. ते उणे आणि 9 बरोबर निवडलेत, अवयवही सरळ पडत नाहीत म्हणजे पोरं पळवाट काढू शकत नाहीत.

फळाखडू, आता मला एक शंका. तुम्ही पहिली दोन गणितं कोणत्या मांडणीने केलीत? डावीकडेच मिळवून वजा करून, की स्थिरपद उजवीकडे नेऊन दोन्ही बाजूंना मिळवून?

---

फळाखडू

डावीकडेच. x² + 2x + 1 − 1 − 5 = 0, मग (x + 1)² − 6 = 0, असं. पुस्तकाच्या सोडवलेल्या उदाहरणांत तसंच आहे म्हणून.

पण तिसऱ्यात −3 आधीच उजवीकडे होता म्हणून मी अ मधे दोन्ही बाजूंना 25/4 मिळवले.

---

निवृत्त गणितवाला

मग ही चिठ्ठीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे आणि ती तुमच्या नऊ पानांत असणं शक्यच नाही, कारण नियोजन करताना ती कुणाला सुचत नाही.

बघा काय होणार. नवीन सर बहुतेक उजवीकडे नेणारे असतील, कॉलेजात तसंच करतात आणि मलाही ते सुटसुटीत वाटतं. ब ने फक्त डावीकडची मांडणी बघितलीय. अ ने दोन्ही बघितल्यात पण दुसरी अर्धवट. सरांनी सोमवारी न सांगता बाजू बदलली की पोरं दोन मांडण्यांची खिचडी करतात: डावीकडे 1 मिळवतात, वजा करायचं विसरतात कारण "सर उजवीकडे लिहितात", आणि उजवीकडेही लिहीत नाहीत कारण "मॅडम डावीकडे लिहायच्या". मग x² + 2x + 1 = 5 लिहिलं जातं आणि √6 च्या जागी √5 येतो. ही चूक वहीत ओळखायची खूण म्हणजे वर्गमुळातली संख्या नेमकी मिळवलेल्या संख्येने कमी असते. सरांना हे माहीत नसेल तर ते म्हणतील पोरं निष्काळजी आहेत.

---

आईच्या नजरेतून

मी शिक्षिका नाही, पालक आहे, मुलगा दहावीत. आमच्याकडे बदली मॅडम आल्या आणि त्यांनी जे परत शिकवलं ते मुलाच्या क्लासमधे मे महिन्यातच झालेलं होतं, तो घरी येऊन म्हणाला टाइमपास चालू आहे. तर तुमच्या चिठ्ठीत कितीजणांचं बाहेर झालंय ते पण लिहाल का? की शाळांना त्याच्याशी घेणंदेणं नसतं?

---

तासिका तत्त्वावरचा

ताई, घेणंदेणं असतं, त्रासही असतो. क्लासवाली चार पोरं पहिल्या बेंचवरून उत्तर ओरडतात, नवीन माणसाला वाटतं वर्गाला येतंय आणि तो पुढे जातो. त्यांना मी विचारतो, उत्तर बरोबर आहे, आता (x − 3)² पर्यंत कसं पोचलास ते फळ्यावर लिही. सूत्राने केलेला तिथेच अडकतो आणि बसतो, मग तोही शिकायला लागतो. पण ओरडणारी पोरं आहेत हे मला आधी माहीत असेल तर पहिला तास वाया जात नाही.

---

फळाखडू

आमच्याकडे अ मधे साधारण निम्मी क्लासला जातात, सूत्र येतं त्यांना. ब मधे फारच थोडी. हे लिहीन.

काका, चौथ्या गणिताचं काय लिहू? माझ्या पीडीएफमध्ये फक्त "सहगुणक १ नसलेली उदाहरणे, एक तासिका" एवढं आहे.

---

निवृत्त गणितवाला

ते जरा सावकाश लिहा, कारण तिथे तुम्ही नसणार आहात.

9y² − 12y + 2 = 0. हुशार नवीन सर हे बघतील आणि त्यांच्या लक्षात येईल की 9y² म्हणजे (3y)² आणि 12y म्हणजे 2 × 3y × 2, मग 4 हवेत, म्हणजे (3y − 2)² = 2, दोन ओळींत संपलं. y = (2 ± √2)/3. आणि ते बरोबरच आहे, देखणंही आहे. पण ते जमतं कारण 9 हा पूर्ण वर्ग आहे. पुढचं 2y² + 9y + 10 = 0 घ्या, 2 ला वर्गमूळ नीट नाही, पोरं √2 y लिहायला जातात आणि बुडतात. म्हणून चिठ्ठीत स्पष्ट लिहा: आधी पूर्ण समीकरणाला पहिल्या सहगुणकाने भागायचं, मगच निम्मा.

भागल्यावर y² − (4/3)y + 2/9 = 0. निम्मा 2/3, वर्ग 4/9. (y − 2/3)² = 4/9 − 2/9 = 2/9. उत्तर तेच. इथे पोरं कुठे घसरतात तर 2 ला 9 ने भागायचं विसरतात, किंवा न भागताच 12 चा निम्मा 6, वर्ग 36 मिळवतात. 36 वाल्याला चूक दाखवायची सोपी युक्ती, त्याला (3y − 6)² विस्तारायला सांगा, मधे 36y येतात, 12y नाही. स्वतःच खोडतो.

आणि 2y² + 9y + 10 ला भागून y² + (9/2)y + 5 = 0, निम्मा 9/4, वर्ग 81/16, मग 81/16 − 5 म्हणजे 81/16 − 80/16 = 1/16. मुळं −2 आणि −5/2. यात पूर्ण तास जातो, अपूर्णांकांच्या वजाबाकीत जातो, पूर्ण वर्गात नाही. सरांना ते माहीत असू दे म्हणजे ते घाबरणार नाहीत की आपण हळू चाललोय.

---

शॉर्टकट शिंदे

बघा, याचसाठी म्हणत होतो. 2y² + 9y + 10 चे अवयव पडतात की सरळ, (2y + 5)(y + 2). पूर्ण तास घालवायचा कशाला.

---

निवृत्त गणितवाला

अवयव पडतात म्हणूनच ते तिथे ठेवलंय, पोराला उत्तर स्वतः पडताळता येतं. तुमची ओळ पडताळा म्हणून चिठ्ठीत घ्या, फळाखडू.

---

चांदोबा

एक वेगळंच. मुलांची नावं लिहिणार का? म्हणजे कोण मदत करेल, कोणाकडे लक्ष द्यायचं. मी रजेवर जाते तेव्हा बाकांचा नकाशा काढून देते, नावांसकट, कच्च्या मुलांवर खूण. बदली बाईंना फार उपयोग होतो.

---

तासिका तत्त्वावरचा

मदतीच्या मुलांची दोन नावं द्या, जरूर. कच्च्यांची नको. एक तर ती फाइल ड्राइव्हवर कुणीही उघडतं, आमच्या शाळेत तर मुलांच्या ग्रुपवर फिरली होती अशी एक यादी. आणि दुसरं, मला आधीच नाव कळलं की मी त्या पोराला फळ्यावर बोलवायचं टाळतो, नकळत.

---

चांदोबा

मी कागदावर देते, ड्राइव्हवर नाही, आणि परत आल्यावर फाडते. तीन आठवड्यांत नवीन माणूस चाळीस पोरं कधी ओळखणार? ज्याला खरंच गरज आहे तो तोपर्यंत अजून मागे पडतो. मला नाही पटलं.

---

फळाखडू

दोन्ही पटतंय मला, तोंडी सांगेन बहुधा. चांदोबा, बाकांचा नकाशा मात्र देणार नक्की, नावं फक्त मॉनिटरची.

सगळ्यांचं घेऊन परत लिहिलंय. बघा:

"१०वी अ (सेमी) व ब (मराठी). गणित भाग १, प्रकरण २, सरावसंच २.३, पूर्ण वर्ग पद्धत.

पीडीएफमधल्या तारखा धरू नका, त्या जूनमध्ये टाकलेल्या आहेत. पान ४ पासून वाचलंत तरी चालेल, त्याआधीचं (२.१, २.२) वर्गात झालंय आणि वह्या तपासल्यात. मधल्या पदाची फोड दोन्ही वर्गांना येते.

अ कुठे थांबला: तिसरं उदाहरण m² − 5m = −3, फळ्यावर (m − 5/2)² = 13/4 इथपर्यंत. पुढच्या ओळी घरी दिल्यात, बघितलेल्या नाहीत. उत्तर (5 ± √13)/2 यायला हवं.
ब कुठे थांबला: दुसरं उदाहरण पूर्ण. तिसरं अजिबात नाही. ब ला अ च्या बरोबर आणायची घाई नको.

मांडणी: मी वर्ग डावीकडेच मिळवून वजा करते. अ मध्ये फक्त तिसऱ्या गणितात दोन्ही बाजूंना मिळवले. तुम्हाला उजवीकडे नेणं सोयीचं असेल तर न्या, पण दुसरं उदाहरण x² + 2x − 5 = 0 दोन्ही मांडण्यांनी शेजारी शेजारी फळ्यावर करून दाखवा आणि मग एकच धरून चला. √6 च्या जागी √5 दिसला तर मांडणीचा घोळ आहे असं समजा.

पहिली पाच मिनिटं: x² − 6x + 4 = 0 वहीत सोडवायला द्या, फिरा. 9 चा हिशोब, कंसातलं चिन्ह, शेवटचं ±. या वर्गांची मुरलेली चूक म्हणजे ± मधलं उणे सोडून देणं. कुणी 36 मिळवले तर त्या दिवशी पुढे जाऊ नका. अ मध्ये निम्मी मुलं सूत्राने उत्तर ओरडतील, त्यांना फळ्यावर पायऱ्या लिहायला लावा.

मग चौथं 9y² − 12y + 2 = 0. आधी 9 ने भागायचं. (3y − 2)² वाली रीत सुंदर आहे पण आत्ता नको, पाचव्यात ती चालत नाही. पाचव्याला पूर्ण तास लागेल, पडताळा (2y + 5)(y + 2). सहावं 5x² = 4x + 7 घरी द्या, उत्तर (2 ± √39)/5.

२.४ ला सूत्राची सिद्धता फळ्यावर घेताना चौथ्या गणिताच्या शेजारी घ्या, ओळीला ओळ लावून. २.५ घेतलंत तर विवेचकापर्यंत. २.६ शाब्दिक उदाहरणं माझ्यासाठी ठेवा.

रोज जाताना वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ: कोणत्या वर्गात, कोणतं उदाहरण, कोणत्या ओळीवर घंटा झाली, कोणी सोडवलं (तुम्ही / मुलांनी)."

---

निवृत्त गणितवाला

आता मी उद्या उठून तुमचा वर्ग घेऊ शकेन. दोन बारीक गोष्टी. x² − 6x + 4 चं उत्तर 3 ± √5 तेही लिहून टाका, माणूस फिरता फिरता मनात सोडवत बसत नाही. आणि सहाव्यात x चं पद उजवीकडे आहे, ते आधी डावीकडे आणायचं असतं, 5x² − 4x − 7 = 0, नाहीतर पोरं +4x चा निम्मा घेतात. घरी द्यायच्या आधी ही पहिली ओळ सरांनी फळ्यावर द्यावी.

---

तासिका तत्त्वावरचा

शेवटची "कोणत्या ओळीवर घंटा झाली" ही ओळ भारी, परत आल्यावर तुमचंच काम सोपं होईल. पण चिठ्ठी लांब झालीय. मी असतो तर अ आणि ब चे थांबे सगळ्यात वर टाकले असते आणि पीडीएफच्या तारखांचं त्याखाली. सकाळी साडेसातला पहिल्या चार ओळीच वाचल्या जातात.

अजून एक, ड्राइव्हवर गेल्या वर्षीचं नियोजन पण आहे का? आमच्याकडे दोन्ही एकाच नावाने पडलेली असतात आणि नवीन माणूस वरचं उघडतो.

---

फळाखडू

आहे ना! दोन्ही "प्रकरण २ नियोजन" नावानेच आहेत, आत्ता बघितलं. जुनं वेगळ्या फोल्डरमधे टाकतेय. थांबे वर घेतले, ६ व्याची पहिली ओळ घातली, 3 ± √5 पण.

---

शॉर्टकट शिंदे

२.६ तुमच्यासाठी ठेवायला का सांगताय? तीन आठवडे आहेत, सर तिथपर्यंत सहज पोचतील. शाब्दिक गणितं लवकर सुरू झालेली बरी.

---

फळाखडू

समीकरण मांडायला शिकवणं मला स्वतः करायचंय, दरवर्षी तिथेच अडतं घोडं. पण पहिल्या चाचणीत प्रकरण २ पूर्ण धरलंय, त्यामुळे तुमचंही खोटं नाही. सरांशी आज बोलून ठरवते, ते म्हणाले तर वयाची दोन गणितं त्यांनी घ्यावीत.

---

आईच्या नजरेतून

हे सगळं वाचून मुलाला x² − 6x + 4 दिलं. त्याने सूत्राने केलं, बरोबर आलं. पूर्ण वर्गाने कर म्हटलं तर म्हणाला ते क्लासमधे ऑप्शनला टाकायला सांगितलंय. शिंदे, तुमच्या क्लासला तर जात नाही ना हा?

---

शॉर्टकट शिंदे

मी साताऱ्यात आहे ताई, शपथ. पण त्याला (x − 3)² चा विस्तार करायला सांगा, वर्ग कुठून आला ते दहा मिनिटांत कळेल त्याला.